ठेवी चार कोटी की त्रेचाळीस कोटी? मराठी-इंग्रजी अहवालातले आकडे आणि तारखा

बऱ्याच जणांनी मेसेज केला होता की गाडीत ऐकताना आकडे डोक्यावरून गेले, जरा लिहून द्या. म्हणून हा भाग जवळजवळ जसाच्या तसा इथे उतरवलाय. फक्त मध्येमध्ये मी जे "थांबा, परत सांगतो" म्हटलं होतं, ते काढून टाकलंय.

सुरुवात एका फोनने करतो. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल बनवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मराठी प्रत सभासदांसाठी आणि इंग्रजी प्रत एका बँकेला द्यायची, कारण संस्थेला तिथून कर्जमर्यादा वाढवून हवी होती. दोन्ही प्रती गेल्या. आठवड्याने बँकेतून फोन आला आणि समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या ठेवी चार कोटी आहेत की त्रेचाळीस कोटी?"

मी म्हटलं, अहो चार कोटी. त्या म्हणाल्या, "मग पान सहावर त्रेचाळीस पूर्णांक बहात्तर कोटी कसं लिहिलंय?"

झालं होतं असं. तक्ता आधी कुणीतरी मिलियनमध्ये बनवला होता, त्यात ठेवी 43.72 होत्या. नंतर ठरलं की सगळं कोटीत दाखवायचं. मग तक्त्याच्या डोक्यावरचा 'मिलियन' शब्द खोडून 'कोटी' लिहिला गेला आणि खालचे आकडे तसेच राहिले. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. त्यामुळे एका शब्दाने संस्था कागदावर दहापट श्रीमंत झाली. बँकेला यात आमचा वेंधळेपणा दिसला नाही, लपवाछपवी दिसली. अर्ज दीड महिना पडून राहिला.

तर आजचा विषय हा. एकच अहवाल दोन भाषांत काढताना रकमा आणि तारखा दोन्हीकडे सारख्या कशा ठेवायच्या. मी एकच संस्था आणि एकच आकडा घेऊन सांगणार आहे. आकडे बदललेत, पण गोंधळ अगदी खरे आहेत.

एक रक्कम, चार चेहरे

आपल्या संस्थेच्या एकूण ठेवी आहेत चार कोटी सदतीस लाख चोवीस हजार सहाशे ऐंशी रुपये. मराठी पानावर हे ४,३७,२४,६८० असं दिसेल. इंग्रजी पानावर भारतीय वाचकासाठी 4,37,24,680. तेच परदेशातल्या वाचकासाठी 43,724,680. आणि लाखांत लिहिलं तर 437.25.

आता हे चारही बरोबर आहेत. पहिल्या तिघांत तर अंकही तेच आणि क्रमही तोच आहे. फरक फक्त स्वल्पविराम कुठे पडतो याचा. आपल्याकडे शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनची जोडी, आणि तिकडे सगळीकडे तीन-तीन. सवय नसलेला माणूस 43,724,680 बघून पटकन "त्रेचाळीस कोटी" म्हणून मोकळा होतो, कारण डोळा पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतो आणि बाकीचं मन भरून काढतं. स्वतःवर करून बघा, असा आकडा अर्धा सेकंद बघून मोठ्याने वाचा.

म्हणून पहिला निर्णय भाषेचा नाही, वाचकाचा आहे. इंग्रजी प्रत कोण वाचणार? भारतातली बँक, ऑडिटर, सोसायटीतला अमराठी सभासद असेल तर इंग्रजीतही लाख-कोटीच ठेवा आणि स्वल्पविरामही आपलेच. इंग्रजी आहे म्हणून मिलियन आलंच पाहिजे असं काही नाही. मिलियन तेव्हाच, जेव्हा वाचणारा खरोखर बाहेरचा आहे. आमच्या प्रकरणात तर बँक पुण्यातली होती! तिथे मिलियनचं काहीच काम नव्हतं. कुणीतरी जुन्या नमुन्यावरून तक्ता उचलला आणि मिलियन सोबत आलं.

कंपन्यांसाठी याचा नियमच आहे. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात सांगितलंय की आकडे शेकड्यात, हजारात, लाखात, मिलियनमध्ये किंवा कोटीत दाखवायचे, एकूण उत्पन्नाच्या आकारानुसार. पण एकदा एक एकक धरलं की आर्थिक पत्रकांत सगळीकडे तेच ठेवायचं. पतसंस्थेला हा कायदा लागू नाही, तिचा सहकार कायदा वेगळा. पण ही एक ओळ उचलून आपल्या वहीत लिहायला काय हरकत आहे? पान तीनवर लाख, पान सहावर कोटी आणि अध्यक्षांच्या मनोगतात मिलियन, असं चालणार नाही.

एककाचा शब्द आणि आकडा वेगळे पडले की

आमची चूक झाली ती एककाचा शब्द एका जागी आणि आकडा दुसऱ्या जागी असल्यामुळे. तक्त्यात ते टाळता येत नाही, कारण प्रत्येक रकान्यात 'लाख' लिहीत बसलो तर तक्ता वाचवणार नाही. मग निदान शब्द आकड्यांच्या जवळ आणा. 'रक्कम लाख रुपयांत' ही ओळ पानाच्या माथ्यावर एकदा टाकून पुढची चार पानं चालवू नका. प्रत्येक तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, रकान्यांच्या लगेच वर लिहा. मोबाईलवर पीडीएफ वाचणारा माणूस तक्ता झूम करून बघतो, त्याला पानाचा माथा दिसतच नाही.

मजकुरात मात्र एकक आकड्याला चिकटलेलंच हवं. "ठेवी ४.३७ कोटी झाल्या" यात ४.३७ ओळीच्या शेवटी आणि 'कोटी' पुढच्या ओळीत गेला, तर वाचणारा क्षणभर अडखळतो. फोनच्या अरुंद स्क्रीनवर हे फारच होतं. वर्डमध्ये दोन्हींच्या मध्ये साध्या स्पेसऐवजी `Ctrl+Shift+Space` दाबा, म्हणजे ते दोघं एकाच ओळीत राहतात.

आणि रुपयाचं चिन्ह. ₹ हे २०१० पासूनचं. मराठीत 'रु.' पण चालतं, इंग्रजीत 'आरएस' वाली जुनी पद्धतही दिसते. कोणतंही एक घ्या आणि दोन्ही भाषांत तेच ठेवा. मी ₹ घेतो, कारण ते दोन्ही लिप्यांत सारखंच दिसतं आणि भाषांतर करायला लागत नाही. शेवटी ती `/-` वाली शेपटी चेकवर ठीक आहे, पुढे कुणी अंक वाढवू नये म्हणून. छापील तक्त्यात तिचं काही काम नाही.

पावणेचारची भानगड

मराठीची एक गंमत इथे सांगायलाच हवी. अध्यक्षांनी भाषणात लिहिलं होतं, "कर्जवाटप पावणेचार कोटींवर गेले." इंग्रजी करणाऱ्या मुलाने लिहिलं 4.75. त्याचा दोष नाही हो, त्याला 'पावणे' म्हणजे पाऊण असं कळलं, आणि समोर चार दिसले. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी, ३.७५. एका शब्दात एक कोटीची वाढ झाली.

सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे आपले शब्द बोलताना फार सुंदर आहेत आणि पॉडकास्टमध्ये मी तेच वापरतो. "सव्वाशे कोटी" कानाला "एकशे पंचवीस कोटी"पेक्षा गोड लागतं. पण ज्या वाक्याचं भाषांतर होणार आहे, त्यात ते एकटे नकोत. "पावणेचार कोटी (₹३.७५ कोटी)" असं लिहिलं की भाषण रसाळ राहतं आणि भाषांतर करणाऱ्याला अंक मिळतो. शिवाय असे शब्द बहुतेक वेळा अंदाजाचे असतात. खरा आकडा ३.७१ असतो आणि बोलणारा 'पावणेचार' म्हणतो. मग तक्त्यात ३.७१ आणि भाषणात ३.७५, आणि सभेत कुणीतरी उठून विचारतंच, "हे चार लाख कुठे गेले?"

पूर्णांकन: बेरीज जमत नाही म्हणजे चूकच असं नाही

आता जरा सावकाश ऐका, म्हणजे वाचा. आपल्या संस्थेच्या ठेवी तीन प्रकारच्या आहेत.

| ठेव | रुपये | लाखांत |
|---|---|---|
| मुदत ठेव | २,७१,४३,४२० | २७१.४३ |
| बचत ठेव | १,१२,३६,३३० | ११२.३६ |
| आवर्त ठेव | ५३,४४,९३० | ५३.४५ |
| एकूण | ४,३७,२४,६८० | ४३७.२५ |

रुपयांचा रकाना बेरजेला बरोबर आहे. लाखांचा रकाना कॅल्क्युलेटरवर करून बघा. २७१.४३ अधिक ११२.३६ अधिक ५३.४५ म्हणजे ४३७.२४. आणि खाली लिहिलंय ४३७.२५. एक पैशासारखं काहीतरी कमी पडलंय, पण लाखातलं .०१ म्हणजे एक हजार रुपये.

चूक कुठेच नाही. प्रत्येक ओळ आपापली पूर्णांकित झालीय आणि एकूण रक्कम पूर्ण रुपयांवरून स्वतंत्रपणे पूर्णांकित झालीय. तिघांचे उरलेले बारीक तुकडे एकत्र आले की कधीकधी शेवटच्या अंकात एक वाढतो. इथे दोन मार्ग आहेत. एक, एकूण खरी ठेवायची आणि तक्त्याखाली एक ओळ लिहायची की पूर्णांकनामुळे बेरजेत किरकोळ फरक दिसू शकतो. दुसरा, एखाद्या ओळीत .०१ सरकवून बेरीज जुळवायची. मी पहिला घेतो. कारण दुसऱ्यात तुम्ही मराठी प्रतीत बचत ठेव सरकवता, इंग्रजी करणारा मुदत ठेव सरकवतो, आणि मग दोन भाषांत दोन संस्था तयार होतात.

आणि हो, हाच तक्ता मिलियनमध्ये केला तर काय होतं? 27.14, 11.24 आणि 5.34. बेरीज 43.72, आणि एकूण रकमेचं पूर्णांकनही 43.72. म्हणजे मिलियनमध्ये जमलं आणि लाखात नाही. कोटीत केलं तर २.७१, १.१२, ०.५३, बेरीज ४.३६ आणि एकूण ४.३७. परत नाही जमलं! म्हणून "इंग्रजीत बेरीज बरोबर आहे, मराठीत चुकलीय" अशी तक्रार आली की घाबरू नका, आधी दोन्हीकडे एकक एकच आहे का ते बघा.

याहून वाईट चूक म्हणजे पूर्णांकित आकड्यावरून पुन्हा पूर्णांकन. आपल्याकडे ४,३७,२४,६८० आहेत. थेट मिलियनमध्ये नेले तर 43.72468, म्हणजे 43.72. पण कुणी मराठी अहवालातले ४३७.२५ लाख उचलले, दहाने भागले, 43.725 आलं आणि ते झालं 43.73. एकाच ठेवी, एका पानावर 43.72 आणि दुसऱ्यावर 43.73. हे ओळखायचं कसं? दोन प्रतींतला फरक नेहमी शेवटच्या अंकात आणि फक्त एकाचा असेल, तर समजायचं की कुणीतरी छापील आकड्यावरून गणित केलंय, मूळ रुपयांवरून नाही.

रक्कम एकदाच लिहा

या सगळ्यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे आणि तो फार साधा आहे. एक्सेलमध्ये एक शीट करा, नाव द्या 'मूळ'. त्यात प्रत्येक रक्कम पूर्ण रुपयांत, एकदाच. स्वल्पविराम टाइप करायचे नाहीत, ₹ टाइप करायचं नाही, नुसते अंक. मराठीची शीट वेगळी, इंग्रजीची वेगळी, आणि त्या दोन्हींत एकही आकडा हाताने टाइप करायचा नाही. दोन्हीकडे 'मूळ' मधल्या त्याच खान्याचा संदर्भ. उद्या ऑडिटरने बचत ठेव बदलली की तुम्ही एका जागी बदलता आणि दोन्ही भाषा आपोआप बदलतात.

लाखात दाखवायचं असेल तर भागाकार करावाच लागतो:

```
=ROUND('मूळ'!B5/100000,2)
```

मिलियनला एक पळवाट आहे. फॉरमॅटमध्ये `0.00,,` लिहिलं की एक्सेल न भागताच मिलियन दाखवतं, कारण तिथला प्रत्येक स्वल्पविराम हजाराने कमी करतो. लाख मात्र हजाराच्या पटीत बसत नाही, शंभर हजार म्हणजे एक लाख. म्हणून ही युक्ती लाखाला आणि कोटीला लागू पडत नाही. इंग्रजी नमुन्यात मिलियन इतक्या सहज शिरतं त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

आणि लाखाचे स्वल्पविराम हवे असतील तर `Custom` फॉरमॅटमध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

एक कोटीच्या वर असेल तर पहिला साचा, लाखाच्या वर असेल तर दुसरा, बाकी तिसरा. इंटरनेटवर हा सगळीकडे सापडतो, पण त्याची एक खोड कुणी सांगत नाही. ऋण आकडा आला की तो पहिल्या दोन अटींत बसत नाही, थेट तिसऱ्यात जातो. मग साडेचार लाखांचा तोटा -450,000 असा दिसतो आणि त्याच रकान्यात वर नफा 4,50,000 असा. म्हणजे एकाच तक्त्यात दोन पद्धती, आणि नेमक्या तोट्याच्या ओळीवर, जिथे सगळ्यांचं लक्ष जाणार.

म्हणून मी हल्ली फॉरमॅटच्या भरवशावर राहत नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Region`, मग `Additional settings`, त्यात `Digit grouping` आहे, तिथे 12,34,56,789 हा पर्याय निवडतो. मग एक्सेलचा साधा `#,##0` सुद्धा लाख-कोटीत दिसतो, ऋण आकडेही. पण यातही मेख आहे. हे सेटिंग फाइलमध्ये नसतं, कॉम्प्युटरमध्ये असतं. तीच फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की स्वल्पविराम पुन्हा तीन-तीन. म्हणून बाहेर एक्सेल पाठवू नका. दोन्ही भाषांचे पीडीएफ एकाच मशीनवरून काढा आणि तेच पाठवा.

तुमच्यातले काही जण वेबसाइट बनवतात, त्यांच्यासाठी हे काम ब्राउझरच करतो:

```
new Intl.NumberFormat('mr-IN').format(43724680)
new Intl.NumberFormat('en-IN').format(43724680)
```

पहिली ओळ ४,३७,२४,६८० देते आणि दुसरी 4,37,24,680. मराठी म्हटलं की ब्राउझर न सांगता देवनागरी अंक देतो, हे अनेकांना माहीत नसतं. मराठी पानावर इंग्रजी अंकच हवे असतील तर `mr-IN-u-nu-latn` लिहा. या दोनांतलं एक ठरवा आणि सगळ्या पानांवर तेच ठेवा.

देवनागरी अंक कधी बदलायचे

मराठी प्रतीत ४ हवा की 4? माझं मत विचाराल तर मराठी प्रत संपूर्ण देवनागरी अंकांत असावी, कारण ज्या आजोबांनी आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवलीय ते पासबुकासारखा तो तक्ता बोट ठेवून वाचतात. पण ते अंक सगळ्यात शेवटी बदलायचे, आणि मशीनने. हाताने टाइप करताना फार चुका होतात, आणि इंग्रजी बाजूला काम करणारा माणूस मराठी वाचणारा नसेल तर तो ४ ला 8 समजतो आणि १ ला 9. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपले ४७ लाख तिकडे 87 लाख झाले होते.

एक्सेलमध्ये हे सूत्र अंक देवनागरीत आणून देतं:

```
=TEXT('मूळ'!B5,"[$-4000439]0")
```

मात्र जे येतं तो आकडा नसतो, मजकूर असतो. `SUM` त्याला धरत नाही, सरळ शून्य देतो. म्हणून हे फक्त दाखवायच्या शीटमध्ये, बेरजा सगळ्या 'मूळ' मध्ये. ओळखायची खूण सोपी आहे. खान्यात आकडा असेल तर तो उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. रकान्यात एखादाच आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तिथे थांबा.

वर्डमध्ये शोधा-बदला करून 0 ते 9 बदलणार असाल तर आधी सांभाळा. बँक खाते क्रमांक, आयएफएससी कोड, पॅन, नोंदणी क्रमांक आणि ईमेल हे दोन्ही भाषांत इंग्रजी अंकांतच राहायला हवेत. ती रक्कम नाही, ते नाव आहे. आमच्या एका प्रतीत आयएफएससी मधले अंक देवनागरी झाले आणि एका ताईंनी तो कोड जसाच्या तसा ॲपमध्ये कॉपी केला. अर्थातच चालला नाही. त्या बिचाऱ्या तीन दिवस "तुमचं खातं बंद आहे का" म्हणून विचारत होत्या.

तारखा: सात सप्टेंबर की नऊ जुलै

रकमेची चूक निदान डोळ्याला खटकते. तारखेची चूक चेहऱ्यावरून कळतच नाही, कारण ती पण एक खरी तारीखच असते.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. आपल्या संस्थेने सभा ठेवली ७ सप्टेंबर २०२५, रविवार. मराठी नोटिशीत ०७/०९/२०२५. इंग्रजी नोटीस करणाऱ्याच्या लॅपटॉपवर विंडोज अमेरिकन पद्धतीचं होतं, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर. त्याने 07/09/2025 टाइप केलं, एक्सेलने ते ९ जुलै धरलं, आणि नोटिशीत महिन्याचं नाव छापून आलं, जुलै. सुदैवाने शेजारी 'रविवार' लिहिलेलं होतं. ९ जुलै २०२५ ला बुधवार होता. एका काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून फोन केला म्हणून कळलं.

म्हणून छापायच्या अहवालात मी नुसत्या अंकांची तारीख लिहीतच नाही. मराठीत '७ सप्टेंबर २०२५', इंग्रजीत `7 September 2025`, आणि सभेच्या तारखेला वारही. महिन्याचं नाव अक्षरात आलं की दिवस-महिना उलटायचा प्रश्नच संपतो. दोन आकडी वर्षही नको. '३१/३/२५' मध्ये तीन अंकांपैकी कोणता काय, हे वाचणाऱ्याने का शोधायचं? 'मूळ' शीटमध्ये आणि फाइलच्या नावात मात्र `2025-09-07` लिहा, वर्ष आधी. मग फाइली आपोआप क्रमाने लागतात.

अमेरिकन सेटिंगचा घोटाळा आधीच झालाय का, हे एका मिनिटात तपासता येतं. तारखांच्या रकान्यावर नजर टाका. १२ पर्यंतच्या दिवसांच्या तारखा उजवीकडे गेल्या असतील आणि १३ च्या पुढच्या, म्हणजे 25/09/2025 सारख्या, डावीकडे राहिल्या असतील तर झालंय तसं. पंचविसावा महिना नसतो म्हणून एक्सेलने ती तारीख मजकूर म्हणून सोडून दिली, आणि बाकीच्या गुपचूप उलट्या केल्या. उजवीकडे गेलेल्याच चुकलेल्या असतात, हे लक्षात ठेवा. आपण नेहमी डावीकडच्या दुरुस्त करत बसतो.

आर्थिक वर्षाचीही एक गंमत आहे. संस्थेच्या प्रगतीचा जुना तक्ता टाइप करताना 2012-13 नीट राहतं, पण 2011-12 लिहून एंटर मारलं की एक्सेल त्याचा डिसेंबर २०११ करतं. कारण १२ हा महिना असू शकतो, १३ नाही. 2000-01 ते 2011-12 ही बाराही वर्षं अशी फसतात. टाइप करण्याआधी रकाना `Text` करून घ्या.

आणि एक शब्दांचा मुद्दा. ताळेबंद एका दिवसाचा असतो, नफा-तोटा पत्रक वर्षभराचं. मराठीत '३१ मार्च २०२५ रोजीचा ताळेबंद' आणि '३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षाचे नफा-तोटा पत्रक'. इंग्रजीत पहिल्याला `as at 31 March 2025` आणि दुसऱ्याला `for the year ended 31 March 2025`. 'मार्च २०२५ अखेर' असं दोन्हींना लिहून मोकळं होऊ नका, भाषांतर करणारा मग दोन्हींना एकच वाक्य लावतो. 'सन २०२४-२५' लिहिलंत तर इंग्रजीतही 2024-25 ठेवा. एका ठिकाणी ते आणि दुसऱ्या ठिकाणी `FY25` असं नको, कारण आपल्याला माहीत आहे की २५ म्हणजे मार्चला संपणारं वर्ष, पण नव्या माणसाला ते एप्रिल २०२५ ला सुरू होणारं वाटू शकतं.

दोन माणसं, दोन प्रती

छापायला जाण्याआधी आम्ही आता एक काम करतो. एक जण मराठी प्रत हातात घेऊन आकडे मोठ्याने वाचतो, दुसरा इंग्रजी प्रतीवर बोट ठेवतो. वाचणाऱ्याने अंक-अंक वाचायचे नाहीत, पूर्ण बोलायचं, "चार कोटी सदतीस लाख चोवीस हजार सहाशे ऐंशी". पूर्ण बोललं की एककाची चूक लगेच कळते, कारण समोरच्याला 43.72 दिसतं आणि कानावर 'चार कोटी' पडतं. मग दोघं जागा बदलतात आणि फक्त तारखा वाचतात, वारासकट. तीस पानांच्या अहवालाला साधारण पाऊण तास लागतो, चहा धरून.

बँकेचं काय झालं असं बऱ्याच जणांनी विचारलं. दुरुस्त इंग्रजी प्रत दिली, सगळी लाखांत, आणि सोबत एक पानाचं पत्र, की पान सहावर एकक चुकलं होतं, मूळ रक्कम ₹4,37,24,680 आहे आणि ती ऑडिट झालेल्या ताळेबंदात अमुक पानावर आहे. मॅडमनी ते पत्र फाइलला लावलं. कर्जमर्यादा वाढली, फक्त आम्हाला हवी होती त्या हंगामानंतर.